दोनदा पडलेली एक ओळ

२१ फेब्रुवारी २०१४ रोजी ॲपलने आयफोनसाठी iOS 7.0.6 हे अपडेट घाईने आणलं. कारण होतं सी भाषेतल्या एका फाइलमध्ये चुकून दोनदा पडलेली एक ओळ.

आपण एखाद्या बँकेची साइट उघडतो तेव्हा ती आपलं प्रमाणपत्र दाखवते. पण प्रमाणपत्राची प्रत कुणालाही मिळू शकते. खरी खूण असते ती बँकेच्या गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही. ही सही तपासणाऱ्या कोडचा तुकडा असा होता:

```c
if ((err = SSLHashSHA1.update(&hashCtx, &signedParams)) != 0)
    goto fail;
    goto fail;
if ((err = SSLHashSHA1.final(&hashCtx, &hashOut)) != 0)
    goto fail;
```

`if` चा अंमल फक्त लगेचच्या ओळीवर चालतो. दुसरी `goto fail;` त्याच रांगेत बसलेली दिसते, पण ती कुठल्याच अटीखाली नाही. त्यामुळे प्रोग्राम दर वेळी तिथूनच उडी मारतो आणि खालची सहीची तपासणी कधी चालतच नाही. `err` मध्ये तोवर शून्य असतं, आणि इथे शून्य म्हणजे ‘सगळं ठीक’. परिणामी त्याच वायफायवर बसलेला भामटा बँक असल्याची बतावणी करू शकत होता.

मग टेस्टिंगमध्ये हे कळलं कसं नाही? खऱ्या साइट्स बिनतक्रार उघडत होत्या, ॲप बंद पडत नव्हतं. जाणूनबुजून चुकीची सही पाठवून बघितली असती तरच बिंग फुटलं असतं. पण हा दोष पकडायला प्रोग्राम चालवायचीही गरज नव्हती, कोड नुसता नीट वाचला तरी पुरे होतं. न चालवता केलेल्या अशा तपासणीला स्टॅटिक टेस्टिंग म्हणतात.

मात्र वाचण्या-वाचण्यात फरक असतो. रोजच्या कोड रिव्ह्यूमध्ये एखादा सहकारी बदललेल्या ओळी पाहतो आणि शेरे लिहितो. वॉकथ्रूमध्ये लिहिणाराच सगळ्यांना कोडमधून फिरवतो: ‘इथे हॅश काढतो, पुढे सही तपासतो.’ नवख्यांना काम समजावून द्यायला हे उत्तम. पण लेखकाला पानावर काय आहे त्यापेक्षा आपल्या मनात काय होतं तेच दिसतं. मुद्रितशोधन लेखकाकडून करून घेऊ नये म्हणतात, ते यासाठीच. ऐकणारेही त्याच्याच ओघात वाहून जातात.

इन्स्पेक्शनची शिस्त यावरचा उपाय आहे. आयबीएममधल्या मायकल फेगन यांनी १९७६ मध्ये ही पद्धत लेखरूपात मांडली. बैठक चालवायला मॉडरेटर असतो. प्रत्येकजण कोड आधी एकट्याने वाचून येतो. बैठकीत लेखक सोडून दुसराच कुणीतरी प्रत्येक ओळीचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगतो. दोष नोंदवायचा, दुरुस्तीची चर्चा तिथे करायची नाही. बैठक दोन तासांपुढे ताणायची नाही, कारण नंतर डोळे नुसते ओळींवरून फिरतात. दुरुस्ती झाली की मॉडरेटर ती तपासून घेतो.

वरचा तुकडा असा वाचून पाहा. ‘अपडेट फसलं तर `fail` कडे जा. मग... पुन्हा `fail` कडे जा.’ इथे वाचणारा अडखळतो. ‘कुठल्या अटीवर?’ आणि खालच्या ओळींपर्यंत कोण पोचणार? हा दोष हमखास सापडला असता असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण प्रत्येक ओळीचा अर्थ बोलून दाखवायचा असला, की ती ओळ डोळ्याआड करणं अवघड जातं.

कधीच न चालणारा कोड, किंमत न देताच वापरलेला व्हेरिएबल, `<=` च्या जागी पडलेलं `<` असे दोष वाचताना सापडतात. पण मला वाचनाचं खरं मोल त्याही आधी वाटतं, कोडची एक ओळही लिहिलेली नसते तेव्हा. समजा, तिकीटविक्रीच्या मागणीपत्रात लिहिलंय: ‘६० वर्षांवरील प्रवाशाला सवलत’. ज्याला आजच साठ पूर्ण झाली त्याचं काय? प्रोग्रामरने ‘नाही’ असा अर्थ घेतला आणि टेस्टरनेही तोच घेतला, तर सगळ्या टेस्ट पास होतील आणि भांडण तिकीट खिडकीवर होईल. मागणीपत्राच्या रिव्ह्यूत एकाने विचारलं, की एका वाक्यात निकाल लागतो.

याला मर्यादाही आहेत. हजारो लोक एकदम आले की साइट किती मंदावेल, हे नुसत्या वाचनाने खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी ती चालवूनच बघावी लागते. उलट काही वाचन यंत्रावर सोपवता येतं. २०१६ मध्ये आलेल्या GCC 6 या कंपायलरमध्ये `-Wmisleading-indentation` नावाची सूचना आली. `if` खाली असल्याचा भास करून देणारी ओळ ती प्रोग्राम चालण्याआधीच दाखवते. मागणीपत्रातली साठीची गोष्ट मात्र कुठल्याच कंपायलरला दिसत नाही.