खलबत्त्यात गेलेली गोळी

निफेडिपिन हे रक्तदाबावरचं जुनं औषध. एके काळी ते द्रव भरलेल्या मऊ कॅप्सूलमध्ये यायचं. रक्तदाब भडकलेला रुग्ण आला की कॅप्सूल सुईनं टोचायची आणि आतला द्रव त्याच्या जिभेखाली पिळायचा, अशी रीत जगभरच्या इस्पितळांत रुळली होती. थोड्याच वेळात रक्तदाबाचा आकडा धाडकन खाली यायचा आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकायचे. पण आकडा इतक्या झपाट्यानं उतरे की काही रुग्णांच्या मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडे. पक्षाघाताच्या, हृदयविकाराच्या झटक्याच्या नोंदी साठत गेल्या. १९९६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातल्या लेखानं ही रीत बंद करण्याची मागणी केली.

दोष वेगाचा होता, म्हणून उपायही वेगावरच शोधला गेला. आज निफेडिपिन मुख्यतः हळू सुटणाऱ्या गोळीतून देतात. औषधाचा १२ किंवा २४ तासांचा साठा गोळीत असतो आणि तो थोडाथोडा बाहेर येतो. ही गोळी कुटली की त्या टोचलेल्या कॅप्सूलचाच प्रकार पुन्हा घडतो, शिवाय या वेळी साठा दिवसभराचा असतो. २००३ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अशा एका मृत्यूची नोंद आहे: रुग्ण स्त्रीला नाकातल्या नळीतून दीर्घ परिणामाची निफेडिपिनची गोळी कुटून दिली होती, सोबत रक्तदाबाचं दुसरंही औषध होतं.

आता आपल्याकडचं घर घेऊ. समजा, पक्षाघातानंतर आजी घरी आल्या आहेत. गोळी घशात अडकते, ठसका लागतो. सूनबाई सकाळच्या पाचही गोळ्या एकत्र कुटतात आणि केळ्यात कालवून भरवतात. त्या पाच अशा: निफेडिपिन रिटार्ड २०, मेटफॉर्मिन एसआर १०००, पँटोप्राझोल ४०, अॅस्पिरिन ७५ आणि अॅटोर्वास्टॅटिन २०. भुकटी एकच दिसते, पण आत पाच वेगळ्या गोष्टी घडलेल्या असतात.

निफेडिपिनचं वर आलंच. घरात ते ओळखायचं कसं? गोळी दिल्यावर तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, उभं राहताना चक्कर येते. आणि पुढच्या गोळीची वेळ होईपर्यंत रक्तदाब पुन्हा चढलेला असतो. म्हणून तो दोनदा मोजावा, गोळीनंतर तासाभरानं आणि पुढच्या गोळीच्या आधी. फक्त सकाळी दहाचा आकडा पाहिला तर ‘औषध छान लागू पडलंय’ असंच वाटेल.

मेटफॉर्मिन एसआरची गोळी पोटात पाणी शोषून सब्जासारखी फुगते, तिच्याभोवती चिकट थर धरतो आणि औषध त्यातून झिरपत राहतं. कुटल्यावर हा थर धरतच नाही. मग मळमळ, जुलाब सुरू होतात आणि दोष केळ्यावर येतो.

पँटोप्राझोलची गोष्ट उलटी आहे. हे औषध जठरातल्या आम्लात नष्ट होतं, म्हणून गोळीवर आम्लात न विरघळणारं कवच असतं. ते लहान आतड्यात गेल्यावरच उघडतं. कुटलेलं पँटोप्राझोल अपाय करत नाही, पण फारसा उपायही करत नाही. आजींची जळजळ थांबत नाही आणि मग डोस वाढवला जातो.

अॅस्पिरिनवरचं असंच कवच जठराच्या अस्तराला जपण्यासाठी असतं. इथे धोका त्यामानानं कमी. हृदयविकाराच्या झटक्यात तर डॉक्टर अॅस्पिरिन मुद्दाम चावून खायला सांगतात. रोजच्यासाठी मात्र पाण्यात विरघळणारी अॅस्पिरिन मागून घ्यावी. राहिली अॅटोर्वास्टॅटिन. तिच्यावरचा पातळ लेप साधा असतो, तिची भुकटी करून लगेच दिली तर सहसा बिघडत नाही.

गोम अशी की लेप साधा की कामाचा, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. पट्टीवरचं नावच वाचावं लागतं. एसआर, ईआर, एक्सआर, सीआर, एक्सएल, रिटार्ड ही अक्षरं असली, किंवा ‘प्रोलाँग्ड रिलीज’, ‘गॅस्ट्रो-रेझिस्टंट’, ‘एंटेरिक कोटेड’ असं छापलेलं असलं, तर गोळी खलबत्त्यापासून दूर ठेवावी. या अक्षरांनीही कधी घोटाळा होतो. मधुमेहाच्या ग्लिक्लाझाइडपुढचं ‘एमआर’ हळू सुटण्याचं असतं, तर वेदनाशामक गोळीवरचं ‘एमआर’ बहुधा स्नायू सैल करणाऱ्या औषधाचं. नावात काहीच नाही म्हणून कुटायला हरकत नाही, असंही समजू नये. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाची भुकटी कुटणाऱ्याच्याच श्वासात जाते. हाडांसाठीची अॅलेंड्रोनेट अन्ननलिकेला जखम करू शकते. शंका आली तर औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला विचारावं.

अर्ध्या गोळीचा प्रश्न वेगळा. मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या काही गोळ्या शेकडो सूक्ष्म मण्यांच्या बनवलेल्या असतात आणि प्रत्येक मण्यावर स्वतःचं आवरण असतं. अशी गोळी मधल्या खाचेवर मोडली तरी मणी शाबूत राहतात. कुटली तर मणीच फुटतात. म्हणजे एकच गोळी मोडलेली चालते, कुटलेली चालत नाही. खाच नसलेली हळू सुटणारी गोळी मात्र मोडूही नये.

मग आजींनी घ्यायचं काय? बरेचदा एका प्रश्नानं वाट सापडते: परिणाम लांबवण्याचं काम गोळी करते की औषध स्वतः? निफेडिपिनचा परिणाम गोळीच्या बनावटीमुळे टिकतो. त्याच जातकुळीतलं अॅम्लोडिपिन शरीरातूनच सावकाश बाहेर पडतं, त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे अॅम्लोडिपिनची साधी गोळी पाण्यात विरघळवून दिली तरी दिवसभर पुरते. हा बदल डॉक्टरांनी करायचा. घरच्यांनी फक्त ‘गोळी गिळता येत नाही, आम्ही कुटून देतो’ हे सांगायचं. नेमकं हेच सांगायचं राहून जातं.

मेटफॉर्मिन साध्या स्वरूपात, दिवसातून दोन-तीनदा विभागून देता येतं. पँटोप्राझोलऐवजी ओमेप्राझोलची कॅप्सूल उघडून आतले दाणे न चावता देता येतात, पण दुधात नव्हे. दुधात आम्ल जवळजवळ नसतंच, त्यामुळे कवच वाटीतच विरघळू लागतं. सफरचंदाच्या शिजवलेल्या गरासारखं किंचित आंबट काही घ्यावं आणि कालवल्यावर लगेच भरवावं. फिटच्या काही औषधांची सिरपं मिळतात. विस्मरणावरच्या रिव्हास्टिग्मिनची त्वचेवर लावायची पट्टी मिळते, पॅरासिटामॉल गुदद्वारातून देता येतं. तोंडात विरघळणाऱ्या गोळ्याही आहेत, पण त्यांतलं बरंचसं औषध लाळेबरोबर पोटात गेल्यावरच शोषलं जातं. म्हणजे थोडं तरी गिळता यायलाच हवं.

गिळण्याचा त्रास नुसता भीतीचा असेल तर एक युक्ती आहे. जर्मनीतल्या हायडलबर्गच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ती तपासून प्रसिद्ध केली. कॅप्सूल हलकी असते, पाण्यावर तरंगते. ती जिभेवर ठेवून पाण्याचा घोट तोंडात घ्यावा आणि हनुवटी छातीकडे झुकवून गिळावी. बहुतेक लोक मान मागे टाकतात, म्हणून ती पुढेच राहते. पण पक्षाघात झालेल्यांनी, पाणी पितानाही ठसका लागणाऱ्यांनी किंवा जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा होणाऱ्यांनी घरी हा प्रयोग करू नये. त्यांच्या श्वासनलिकेत अन्न उतरत असण्याची शक्यता असते. त्यांनी आधी गिळण्याची तपासणी करून घ्यावी. वाचा आणि गिळण्याचे उपचार करणारे तज्ज्ञ ती करतात.

नाकातून नळी असेल तर प्रत्येक औषध वेगळं द्यावं आणि आधी, मधे, शेवटी नळी पाण्यानं धुवावी. सगळी भुकटी एकदम घातली की नळी तुंबते. फेनिटॉइनसारखं औषध असेल तर नळीतलं अन्न पुढेमागे काही काळ थांबवावं लागतं, कारण अन्नासोबत ते कमी शोषलं जातं. किती वेळ थांबायचं ते इस्पितळातून लिहून घ्यावं.

हे सगळं विचारायची सर्वांत सोयीची वेळ म्हणजे इस्पितळातून घरी सोडण्याचा दिवस. औषधांची यादी हातात पडली की एकेका गोळीवर बोट ठेवून दोन प्रश्न विचारावेत: ही कशातून द्यायची, आणि हिची अजून गरज आहे का? पाचातली एखादी तिथेच कमी होऊ शकते.