फिट थांबल्या, गणित मात्र अडलेलंच

दुसरीच्या वर्गात बाई शुद्धलेखन घालतात: ‘सकाळी आजोबा अंगणात बसून पेपर वाचत होते.’ एका मुलीच्या वहीत उतरतं, ‘सकाळी आजोबा वाचत होते.’ पुढचं वाक्य बिनचूक, त्यापुढचं पुन्हा मधून तुटलेलं. वहीवर लाल शेरा पडतो, ‘लक्ष द्यावे’. पालकसभेत सांगितलं जातं, मुलगी हुशार आहे, पण सारखी तंद्री लागते. घरी तिला सायंकाळी आणखी एक तास अभ्यासाला बसवतात. ही मुलगी माझ्या कल्पनेतली आहे, पण लहान मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे अशा कहाण्या नव्या नाहीत. तिला फेफऱ्याचा आजार आहे आणि तो कुणाच्या लक्षात आलेला नाही, कारण ती कधी पडलेली नाही, तिच्या तोंडाला फेस आलेला नाही, हातपाय झटकलेले नाहीत.

अपस्माराचा हा प्रकार साधारण चार ते दहा या वयात सुरू होतो. ‘ॲब्सेन्स’ असं त्याचं वैद्यकीय नाव. काही सेकंद, फार तर पंधरा-वीस, मूल जागच्या जागी थबकतं. नजर थिजते, कधी पापण्या फडफडतात, कधी ओठ चाटल्यासारखे हलतात. मग जणू काही झालंच नाही अशा थाटात ते वाक्य पुढे चालू होतं. मधला तुकडा त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. असं दिवसातून डझनावारी वेळा होऊ शकतं. ‘अंगणात बसून पेपर’ हे तीन शब्द त्या मुलीने ऐकले नाहीत, याचं कारण आळस नाही.

साधी तंद्री आणि ही फिट वेगळी ओळखता येते. विचारात हरवलेल्या मुलाला हाक मारली, खांद्याला हात लावला की ते भानावर येतं. फिटमध्ये असलेलं मूल येत नाही. तंद्री कंटाळवाण्या तासाला लागते. फिट मात्र आवडीचा खेळ चालू असताना, घास चावताना, झोपाळ्यावर, अगदी स्वतःच बोलत असताना मध्येच येते. तज्ज्ञ दवाखान्यात मुलाला समोर कागदाची पट्टी धरून तीनेक मिनिटं जोरजोरात फुंकायला लावतात. भराभर खोल श्वास घेतल्याने ही फिट बऱ्याचदा तिथेच, आईबापांच्या डोळ्यांदेखत येते. त्या वेळी ईईजीवर सेकंदाला सुमारे तीन या वेगाने टोकदार लाटा उमटतात. घरी ही परीक्षा घेऊ नये. त्यापेक्षा मोबाइलवर टिपलेली अर्ध्या मिनिटाची चित्रफीत डॉक्टरांना जास्त उपयोगी पडते.

निदान झालं की गोष्ट संपली असं घरच्यांना वाटतं. खरं तर शाळेच्या दृष्टीने ती इथे सुरू होते.

मुलीला व्हॅल्प्रोएट सुरू होतं आणि काही आठवड्यांत फिट थांबतात. शुद्धलेखनाची वाक्यं आता पुरी उतरतात. पण तिसरीत शाब्दिक उदाहरणं येतात आणि ती अडते. ‘दुकानदाराकडे ४८ पेन्सिली होत्या, त्यांतल्या १५ विकल्या, मग…’ उदाहरणाच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवातीचा आकडा हातून निसटलेला असतो. आता दोष कुणाचा? आई गोळीला देते, बाबा मोबाइलला, शाळा घरच्या लाडांना.

अमेरिकेत या आजाराच्या ४५३ मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. इथोसक्झिमाइड, व्हॅल्प्रोएट आणि लॅमोट्रिजिन या तीन औषधांची त्यात तुलना होती. फिट थांबवण्यात पहिली दोन सारखीच सरस ठरली, लॅमोट्रिजिन मागे पडलं. फरक दिसला तो लक्ष टिकवण्याच्या चाचणीत. सोळा-वीस आठवड्यांनी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या सुमारे निम्म्या मुलांमध्ये लक्षाची अडचण आढळली, इथोसक्झिमाइड घेणाऱ्यांत एक तृतीयांश मुलांमध्ये. म्हणजे आईचा संशय अगदीच चुकीचा नव्हता. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. औषधाची पहिली गोळी पोटात जाण्याआधीच सुमारे एक तृतीयांश मुलांना ही अडचण होती, बुद्ध्यंक साधारण असूनही. आणि फिट पूर्ण थांबल्यावरही ती आपोआप गेली नाही. फिट आणि लक्षाची ओढाताण या एकाच मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरचं औषध दुसरीला बरं करेलच असं नाही.

म्हणून मार्क घसरले की प्रश्न नीट विचारावा लागतो. अडचण कधीपासून आहे? गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर दोन-तीन आठवड्यांत दिसू लागली, तर औषधाकडे बोट जातं, विशेषतः मूल दिवसा पेंगत असेल तर. जुन्या वह्यांमध्येही तीच खूण सापडली, तर मुळातल्या लक्षाच्या अडचणीची तपासणी करून घ्यावी. तिच्यावर वेगळे उपचार असतात. आणि वाक्यं पुन्हा मधूनच तुटू लागली, तर फिट परत आल्यात. वजन वाढल्याने मात्रा अपुरी पडतेय, गोळ्या चुकतायत की झोप कमी पडतेय, ते पाहावं लागतं. शाळेच्या वह्या टाकून देऊ नयेत, असं मी म्हणेन. तारखा घातलेली शुद्धलेखनाची वही हा डॉक्टरांसमोर ठेवण्यासारखा पुरावा आहे.

औषधांचं स्वतःचं बरं-वाईट असतं. इथोसक्झिमाइडने पोट दुखतं, मळमळतं; जेवणानंतर दिलं तर त्रास कमी होतो. आपल्याकडे ते सहजासहजी मिळतही नाही. व्हॅल्प्रोएटने भूक आणि वजन वाढतं, कधी केस गळतात. मुलींच्या बाबतीत पुढचाही विचार करावा लागतो, कारण गरोदरपणी हे औषध चालू असेल तर बाळात व्यंगं येण्याचा आणि त्याचा बुद्ध्यंक कमी राहण्याचा धोका सिद्ध झालेला आहे. झटक्यांच्या मोठ्या फिटसाठी चालणारं कार्बामॅझेपिन ॲब्सेन्स प्रकारात उलट फिट वाढवू शकतं. ‘शेजारच्या मुलाला लागू पडलेली गोळी’ या आजारात म्हणूनच धोक्याची.

इतर प्रकारच्या फिटसाठी लेव्हेटिरॅसिटॅम फार वापरतात. त्याची एक खोड घरोघर गैरसमज निर्माण करते. शांत मूल अचानक चिडकं होतं, भावंडावर हात उगारतं, क्षुल्लक कारणावरून रडतं. आजारपणात लाड झाले म्हणून शेफारलं, असा निष्कर्ष निघतो आणि मुलाला मार बसतो. गोळी सुरू होण्याची तारीख आणि चिडचिडीची तारीख शेजारी मांडली तर खरं कारण दिसतं, आणि मात्रा किंवा औषध बदलता येतं. टोपिरामेटने शब्द ओठांवर येऊन अडकतात. तोंडी परीक्षेत असं मूल अभ्यास न केल्यासारखं दिसतं. फेनोबार्बिटोन स्वस्त म्हणून अजूनही वापरात आहे. तापात फिट येणाऱ्या लहान मुलांना ते दिलं असता दोन वर्षांनी त्यांचा बुद्ध्यंक नुसती दिसायला औषधासारखी गोळी घेणाऱ्या मुलांपेक्षा सरासरी आठ अंकांनी कमी भरला, असं १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. हे वाचून कुणी घरच्या घरी गोळी बंद करू नये. एकदम थांबवल्यास न थांबणारी फिट येऊ शकते, आणि ती जिवावर बेतते.

आता मुलीच्या घरी परत येऊ. आजी सांगते, ‘कुणाला सांगायचं नाही हं, पुढे लग्नाला अडचण येते.’ आजीची भीती हवेतली नव्हे. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारं फेफरं हा १९९९ पर्यंत विवाहातला कायदेशीर अडथळा होता. त्या वर्षीच्या दुरुस्तीने तो शब्द वगळला. कायदा बदलला, सोयरिकीच्या बैठकीतली कुजबुज राहिली. पण या लपवाछपवीची किंमत मुलगी आजच मोजते. मुक्कामाच्या सहलीला तिला पाठवत नाहीत, कारण गोळी कुणासमोर घ्यायची? मैत्रिणीकडे वाढदिवसाला उशीर झाला की रात्रीची मात्रा चुकते. आपल्यात काहीतरी लाजिरवाणं आहे, हे ती आजाराचं नाव कळायच्या आधीच शिकते. दुसऱ्या शाळेतल्या, झटक्यांची फिट येणाऱ्या मुलाचं दुःख वेगळं. त्याला भर वर्गात फिट येते, कपडे ओले होतात, कुणीतरी चप्पल हुंगवतं. नंतर त्याला फिटपेक्षा मधल्या सुट्टीची भीती वाटू लागते. पोट दुखतं, शाळा नको वाटते. अपस्मार असलेल्यांत उदासीनता आणि चिंता इतरांपेक्षा बरीच जास्त आढळते आणि तिचं कारण नुसतं लोकांचं वागणं नसतं. मेंदूतल्या ज्या यंत्रणा फिट निर्माण करतात, त्यांचा मूडशीही संबंध असतो. काही औषधं त्यात भर घालतात. मूल गप्प झालं, खेळ सोडला, मरणाबद्दल बोललं, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

शाळेला सांगायचं ते थोडक्यात आणि लेखी. आमच्या मुलीला अशी फिट येते, ती इतके सेकंद टिकते, त्यानंतर राहिलेलं वाक्य एकदा पुन्हा सांगा. पुढच्या बाकावर बसवा. गृहपाठ फळ्यावर लिहा, तोंडी नको. शाब्दिक उदाहरणातले आकडे आधी वेगळे लिहून काढायची सवय लावा. झटक्यांची फिट असेल तर कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर किंवा स्वेटर द्या, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांच्या वर गेली तर रुग्णालय. बाकीचा वर्ग काय शिकतो, तेही बाईंवरच असतं. त्यांनी शांतपणे घड्याळ पाहिलं तर मुलंही घाबरत नाहीत.

दोन वर्षं फिट आली नाही की डॉक्टर गोळी हळूहळू उतरवण्याचा विचार करतात. परीक्षेचे महिने सोडून ते करणं बरं. ॲब्सेन्सच्या अनेक मुलांचा आजार किशोरवयापर्यंत मागे पडतो. पण कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात अशा मुलांचा मोठेपणी मागोवा घेतला गेला. दीर्घकाळच्या सांधेदुखीने आजारी असलेल्या मुलांशी तुलना केली, तेव्हा ॲब्सेन्सवाले शिक्षणात आणि वागणुकीत मागे दिसले. ज्यांच्या फिट सुटल्या नव्हत्या त्यांची स्थिती अधिक वाईट होती, पण ज्यांच्या सुटल्या होत्या तेही त्यातून पूर्ण वाचले नव्हते. त्यामुळे गोळी बंद झाल्यावरही दर सहामाहीला तिच्या वर्गशिक्षिकेला एकच प्रश्न विचारत राहावा: गणिताचं शाब्दिक उदाहरण ती शेवटपर्यंत धरून ठेवते का?