शिफारस पहिल्या वाक्यात

मोठ्या व्यावसायिक प्रस्तावाच्या सुरुवातीला एक-दीड पानाचा कार्यकारी सारांश जोडलेला असतो. बैठकीच्या आदल्या रात्री विषयपत्रिका चाळणारा संचालक बहुधा तेवढाच वाचतो. त्याला जाणून घ्यायचे असते की आपल्याकडून कशाची मंजुरी हवी आहे, पैसे किती लागतील आणि ते का द्यावेत. पण बहुतेक सारांशांत ही उत्तरे शेवटच्या परिच्छेदात सापडतात, कारण लिहिणाऱ्याने ज्या क्रमाने काम केले त्याच क्रमाने तो लिहितो. आधी पार्श्वभूमी, मग पाहणी, मग पर्याय आणि सरतेशेवटी निष्कर्ष. अभ्यासासाठी हा क्रम बरोबर आहे, पण निर्णय घेणाऱ्याच्या दृष्टीने तो उलटा पडतो. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत काम करताना बार्बरा मिंटो यांनी यावर पिरॅमिडची पद्धत मांडली. तिच्यात उत्तर शिखरावर असते, त्याखाली त्याची कारणे आणि सर्वांत खाली पुरावे.

कल्पित पण नेहमीच्या वळणाचे एक उदाहरण घेऊ. एका सहकारी दूध संघाच्या प्रक्रिया केंद्राच्या छतावर 100 किलोवॅटचा सौर प्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे यायचा आहे. त्याच्या सारांशाची सुरुवात अशी आहे: “संघाची स्थापना झाल्यापासून सभासदांच्या हितासाठी विविध उपक्रम राबविण्यात आले आहेत. अलीकडच्या काळात विजेच्या दरात वाढ झाल्याने प्रक्रियाखर्चावर ताण येत आहे. या पार्श्वभूमीवर अपारंपरिक ऊर्जेच्या पर्यायांचा अभ्यास करण्यात आला.” पुढे देशातील सौरऊर्जेची वाटचाल येते, मग तीन पुरवठादारांची माहिती आणि अखेरीस एक वाक्य: “वरील बाबींचा विचार करता सौर प्रकल्पाबाबत योग्य तो निर्णय व्हावा.”

हा सारांश घट्ट करताना पहिले काम कापण्याचे नसते. आधी शिफारस शोधावी लागते. “म्हणून”, “सबब”, “वरील बाबींचा विचार करता” अशा शब्दांपुढे ती सहसा असते. इथे त्या शब्दांपुढे शिफारस नाहीच. निर्णय पुन्हा मंडळावरच सोडला आहे. असे वाक्य नुसते उचलून वर नेले तर सारांश पहिल्या ओळीपासूनच पोकळ होईल. शिफारस पुरी आहे की नाही हे पाहण्याची कसोटी सहकारी संस्थांत सहज हाताशी असते: ते वाक्य जसेच्या तसे ठरावाच्या नोंदवहीत लिहिता आले पाहिजे. कोणाकडून, किती रकमेचे, कोणत्या पैशातून आणि कधीपर्यंत, हे त्यात आले की ठराव लिहिणाऱ्याला काही विचारावे लागत नाही.

त्या कसोटीवर उतरणारी सुरुवात अशी होईल: “प्रक्रिया केंद्राच्या छतावर 100 किलोवॅटचा सौर प्रकल्प 48 लाख रुपयांत बसविण्यास मंडळाने मंजुरी द्यावी. यातील 12 लाख संघाने स्वनिधीतून द्यावेत आणि 36 लाखांचे कर्ज घ्यावे. दरपत्रकाची मुदत 30 जूनला संपते, म्हणून निर्णय याच बैठकीत हवा.” शेवटच्या वाक्याला इथे जागा आहे, कारण मुदत टळली तर पहिल्या वाक्यातली रक्कमच बदलू शकते.

शिफारशीनंतर लगेच तिचे सर्वांत मोठे कारण यावे. महाराष्ट्रातील उन्हात एक किलोवॅट क्षमतेमागे वर्षाला साधारण 1,400 युनिट वीज मिळते असे धरले, तर 100 किलोवॅटला 1 लाख 40 हजार युनिट होतात. या संघाला वीज 9 रुपये युनिटने पडते असे मानू. वर्षाला 12 लाख 60 हजार वाचतात आणि देखभालीचे 60 हजार वजा जाता 12 लाख उरतात. हा सगळा गुणाकार सारांशात मांडायचा नसतो. तिथे “देखभालखर्च वजा जाता वर्षाला 12 लाखांची बचत” एवढे पुरते. आकडेमोड प्रस्तावाच्या आत राहते, पान क्रमांकासह.

खरी गफलत होते ती पुढच्या आकड्यात. 48 लाखांना 12 लाखांनी भागून “गुंतवणूक चार वर्षांत परत” असे लिहिण्याचा मोह होतो. पण 36 लाख कर्जाऊ आहेत. व्याज वर्षाला 10 टक्के धरले आणि दरवर्षीची सगळी बचत आधी कर्जाकडे वळवली, तर सुमारे 9 लाख व्याज जाते आणि परतफेडीचा काळ पावणेपाच वर्षांच्या आसपास पोचतो. सारांशात हाच आकडा हवा. शिफारस पहिल्या ओळीत आली की तिच्या शेजारचा प्रत्येक आकडा वाचकाच्या डोळ्यांत भरतो, आणि त्यातला एक सैल निघाला तर शंका पूर्ण प्रस्तावावर जाते. पावणेपाच वर्षेही वाईट नाहीत, कारण सौर पॅनेल साधारण 25 वर्षे चालतात.

मग नाकारलेला पर्याय आणि जोखीम, प्रत्येकी एक-दोन वाक्यांत. दुसऱ्या कंपनीने स्वखर्चाने प्रकल्प उभारून संघाला 5 रुपये युनिटने वीज विकायची, असाही मार्ग असतो. त्यात गुंतवणूक शून्य, पण बचत वर्षाला साडेपाच लाखांच्या घरात राहते. म्हणून तो सुचवलेला नाही, एवढे सांगितले की हा प्रश्न बैठकीत नव्याने उकलत बसावे लागत नाही. जोखीम आहे ती जुन्या शेडच्या छताची: पॅनेलचा भार ते पेलेल का? मंजुरी “छताच्या मजबुतीचा अभियंत्याचा दाखला मिळण्याच्या अटीवर” मागितली, तर जोखीम शिफारशीतच सामावते. ती लपवून पहिले वाक्य ठाम दिसेल खरे, पण छताचा प्रश्न बैठकीत कोणीतरी विचारणारच.

कापणी होते ती यानंतर. उरलेले प्रत्येक वाक्य शिफारशीला आधार देते, तिच्यावर अट घालते किंवा पर्यायाशी तिची तुलना करते का, हे पाहायचे. संघाची स्थापना आणि सौरऊर्जेची देशातील वाटचाल यांपैकी काहीच करत नाही, म्हणून दोन्ही जातात. पुरवठादारांची माहिती आतल्या पानांवर जाते. “अभ्यास करण्यात आला”, “राबविण्यात आले आहेत” असे कर्तरहित प्रयोग मोडून कोणी काय केले हे लिहिले की वाक्ये आपोआप आखूड होतात. दीड पानाचा सारांश या रीतीने अर्ध्या पानावर येतो.

शिफारस आधी ठेवण्यालाही मर्यादा आहे. विजेचा खर्च वाढल्याचे मंडळाला ठाऊकच नसेल, तर पहिले वाक्य अचानक आल्यासारखे वाटते. अशा वेळी त्याआधी “प्रक्रिया केंद्राचे वीजबिल सध्याच्या दरवाढीनंतर प्रक्रियाखर्चाचा मोठा भाग झाले आहे” असे एक वाक्य चालते, परिच्छेद नाही. निविदेत सारांशाचा साचाच ठरवून दिला असेल, तर मथळ्यांचा क्रम बदलता येत नाही. तिथे प्रत्येक मथळ्याखालचे पहिले वाक्य निष्कर्षाचे ठेवता येते, आणि छाननी समितीला प्रत्येक रकान्यात उत्तर आधी मिळते.