बाळ दूध पितं तेव्हा थोरली कुठे असते?

लेखमाला : घरातलं बालपण – भाग 9

पहिल्या महिन्यात बाळ दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा अंगावर पितं. एका वेळेला वीस मिनिटं ते अर्धा तास धरला, तर आईचे रोजचे तीन ते सहा तास पाजण्यातच जातात. त्यातला बराच वेळ दिवसाउजेडीचा असतो, म्हणजे थोरलं मूल जागं असतानाचा. तोवर ज्या मांडीवर त्याचा एकट्याचा हक्क होता, ती मांडी आता दर दोन-तीन तासांनी अडलेली असते आणि आईला उठताही येत नाही. गेल्या आठवड्यात आपण दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या हट्टाविषयी बोललो. त्याच वयाच्या मुलाच्या घरी भावंड येतं तेव्हा काय होतं, ते आज पाहू.

इंग्लंडमधल्या केंब्रिज इथे ज्यूडी डन आणि कॅरोल केंड्रिक या दोघींनी 40 कुटुंबांच्या घरी जाऊन, दुसरं बाळ यायच्या आधी आणि नंतर, आई आणि थोरलं मूल यांच्यात काय घडतं ते पाहिलं होतं. त्यांचं पुस्तक 1982 मध्ये आलं. बाळ आल्यावर आईचं थोरल्याशी खेळणं-बोलणं कमी झालं आणि ‘हे करू नको, ते करू नको’ वाढलं, असं त्यांना आढळलं. म्हणजे मुलाला वाटणारं नुकसान त्याच्या मनाचा खेळ नसतो, ते खरोखरच झालेलं असतं. आपण ज्याला मत्सर म्हणतो त्याचा रोख पहिल्या महिन्यांत बाळावर फार थोडा असतो. मुलाची तक्रार आईबद्दल असते. हे एकदा ध्यानात आलं की ‘बाळावर प्रेम कर, तुझीच बहीण आहे ना’ असं समजावण्यातली ताकद वाचते आणि ती जिथे लावायला हवी तिथे लावता येते.

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या कोल्हापूरच्या एका कुटुंबाचं उदाहरण घेते. थोरलीला आपण छकुली म्हणू. वय दोन वर्षं आठ महिने. घरात आई, बाबा आणि बाबांची आई. पहिलं बाळंतपण सिझेरियनचं होतं, दुसरंही तसंच होणार हे ठरलेलं. आईला सातवा महिना लागला होता आणि छकुलीला अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. आजींचा बेत असा होता, की बाळंतपणाच्या सुमारास छकुलीला महिनाभर आत्याकडे ठेवायचं, म्हणजे बाळंतिणीला आराम पडेल.

हा बेत आपल्याकडे घरोघरी होतो आणि त्यामागे मायाच असते. तरी मी त्याच्या विरोधात आहे. अडीच वर्षांचं मूल महिनाभर दूर राहून परत येतं, तेव्हा त्याच्या जागेवर दुसरं कुणीतरी झोपलेलं त्याला दिसतं. ज्याची भीती होती तेच खरं झालं, असा त्याचा हिशेब होतो. माणूसबळ हवं असेल तर आत्याला इकडे बोलवावं. छकुलीच्या घरी तसंच केलं. आत्या तीन आठवडे राहिल्या.

आईने सांगितलं ते सातव्या महिन्यातच, पण नेमक्या शब्दांत. ‘तुला खेळायला भाऊ येणार’ हे वाक्य टाळायला सांगितलं होतं, कारण येणारा जीव पुढचे कितीतरी महिने खेळत नाही. ज्याला मोठ्या अपेक्षेने पाहावं तो नुसता झोपतो, रडतो आणि दूध पितो, हे कळल्यावर मुलाला फसवल्यासारखं वाटतं. म्हणून आईने तेच सांगितलं : बाळ खूप रडेल, त्याला चालता येणार नाही, ते माझं दूध पिईल, तू लहान असताना पीत होतीस तसंच. मग छकुलीचे तान्हेपणीचे फोटो काढून दाखवले. ‘तीन महिन्यांनी’ म्हणजे काय हे या वयात कळत नाही, म्हणून ‘दिवाळीचे दिवे लावून झाले की’ असं सांगितलं.

एक प्रश्न मात्र घरातल्या सगळ्यांना बंद करायला लावला. ‘आईच्या पोटात काय आहे गं, भाऊ की बहीण?’ लहान मुलाच्या तोंडून निघेल ते खरं होतं, असं मानून आपल्याकडे शेजारीपाजारीसुद्धा हे विचारतात. मूल ‘भाऊ’ म्हणालं की सगळे खूश होतात आणि मग मुलगी झाली की उतरलेले चेहरे तेच मूल बघतं. एवढ्याशा जिवावर हे ओझं टाकायचं कारण नाही.

बदलांच्या वेळेचाही विचार केला. छकुली रात्री आईच्या कुशीत झोपायची. बाळ आल्यावर तिला बाबांकडे सरकवलं असतं, तर जागा बाळाने घेतली हे तिला लख्ख दिसलं असतं. म्हणून आठव्या महिन्यापासूनच बाबांच्या बाजूला झोपायची सवय लावली. बालवाडीत घालायचं मात्र पुढे ढकललं. शू-शी सांगण्याची सवय अर्धवट असेल, तर तीही ऐन बाळंतपणात पुरी करायच्या मागे लागू नये.

आता बाळ आल्यावरचं. दवाखान्यात छकुली आली तेव्हा बाळ पाळण्यात होतं आणि आईचे हात रिकामे होते. आधी तिला जवळ घेतलं, बाळाकडे नंतर वळली. टाके असल्यामुळे सुमारे सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि छकुली बारा किलोची. ‘आई, उचल’ याला रोज नकार द्यावा लागणार होता. त्यावर उपाय असा केला, की आईने पलंगावर टेकून बसायचं, पोटापुढे उशी धरायची आणि छकुलीने बाजूने स्वतः चढून काखेत शिरायचं. उचलणं बंद होतं, जवळ घेणं बंद नव्हतं. ‘बाळामुळे उचलता येत नाही’ असं कुणी म्हणायचं नाही, ‘आईच्या पोटाला बाऊ झालाय’ असं म्हणायचं, हे घरात ठरवलं. कारण खरं तेच आहे.

पहिले चार दिवस सगळं छान गेलं. पाचव्या दिवसापासून पाजायला घेतलं की छकुली उशी ओढायची, पाण्याचा तांब्या उपडा करायची, एकदा तर तिने बाळाच्या पायाला चिमटा काढला. चड्डीत शूही होऊ लागली. आईने फोनवर सांगितलं, ‘ताई, पाजायला बसले की हिच्या अंगात येतं, एरवी गुणी असते.’ ‘एरवी गुणी’ यातच निदान होतं. त्रास ठरावीक वेळेला होत होता, तेव्हा उपायही त्याच वेळेवर करायचा होता.

तिथे आम्ही तीन गोष्टी केल्या. पाजायला बसण्याआधी दोन मिनिटं छकुलीसाठी. पाणी, शू आणि खायला काहीतरी : चुरमुरे, केळं, किंवा आईच्याच डब्यातला अळिवाच्या लाडवाचा तुकडा. मग पलंगाच्या उजवीकडे तिची जागा आणि तिथे एक टोपली, जी फक्त पाजण्याच्या वेळीच बाहेर यायची. टोपलीत नवी खेळणी नव्हती. झाकणाचे डबे, जुनी पर्स, दोन चित्रांची पुस्तकं, कपड्यांचे चिमटे, एवढंच. आईचा एक हात आणि तोंड मोकळं असतंच, त्यामुळे गोष्ट सांगता येते.

तिसरी गोष्ट बोलण्याची, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. केंब्रिजच्या त्या अभ्यासातही दिसलं होतं, की ज्या आया पहिल्या आठवड्यांपासून थोरल्याशी बाळाविषयी बोलल्या, त्याला काय हवं असेल, ते का रडत असेल हे विचारत राहिल्या, त्यांची मुलं पुढे वर्षभराने भावंडाशी अधिक प्रेमाने वागत होती. छकुलीची आई विचारू लागली, ‘हे का बरं रडतंय? तुला काय वाटतं?’ छकुली म्हणायची, ‘त्याला गरम होतंय.’ मग आई दुपटं सैल करायची. कधी तिचा अंदाज बरोबर असायचा, कधी नसायचा, पण बाळाच्या बाबतीत तिचं मत विचारलं जात होतं.

याउलट दिवसभर आपण नकळत काय बोलतो? बाळ झोपलंय, आवाज करू नको. बाळ दूध पितंय, मागाहून ये. प्रत्येक ‘नाही’च्या मागे बाळाचं नाव लागतं. ते काढून टाकावं आणि बाळालाही तिच्या देखत थांबायला सांगावं : ‘थांब रे राजा, आधी छकुलीची वेणी घालते.’ बाळाला अर्धं मिनिट थांबल्याने काही होत नाही, छकुलीला मात्र दिवसभर पुरेल इतकं ते पोहोचतं.

बाबांचं काम यात उलटं लावलं. बहुतेक घरांत बाळ आईकडे आणि थोरलं बाबांकडे, अशी वाटणी होते. ती सोयीची आहे, पण थोरल्याला बाबा नको असतात, आई हवी असते. म्हणून रोज संध्याकाळी पाजून झालं, की बाबा बाळाला ढेकर काढायला खांद्यावर घेऊन बाहेरच्या खोलीत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. पंधरा मिनिटं आई फक्त छकुलीची. त्या वेळात मोबाइल नाही, पाहुणा नाही, बाळाचा विषयही नाही.

चिमट्याचं काय? हात धरायचा, ‘दुखतं त्याला, मी दुखवू देणार नाही’ एवढंच म्हणायचं आणि मग त्याच हाताने पाय कसा कुरवाळायचा ते दाखवायचं. पाय अशासाठी, की ते तोंडापासून आणि टाळूपासून लांब असतात. हात आधी धुवायचा. ‘वाईट मुलगी’ म्हटलं की पुढचा चिमटा आई न बघता निघतो. आणि कितीही शहाणं असलं तरी पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तान्ह्यापाशी एकटं सोडायचं नाही, पापी घेत असलं तरीही. चड्डीतल्या शूबद्दल कुणी काही बोललं नाही, चड्डी बदलली आणि विषय संपवला. बाटलीने दूध मागितलं तेव्हा चार-दोन दिवस दिलं. पाचव्या आठवड्यात तिनेच बाटली सोडली. शू थांबायला दोन महिने लागले.

बारशाच्या दिवशी पाहुण्यांची मोठी अडचण झाली. ‘काय गं, आता तुझे लाड संपले’ हे वाक्य प्रेमाने, हसत म्हटलं जातं आणि मूल ते अक्षरशः खरं मानतं. आजींनी दारातच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आधी छकुलीशी बोला. घुगऱ्यांचे द्रोण वाटायचं काम तिच्याकडे होतं. तरी एका काकांनी ते वाक्य म्हटलंच, आणि त्या रात्री ती दोनदा रडत उठली.

हे सगळं केल्यावर मत्सर नाहीसा होतो असं नाही. बाळ सात-आठ महिन्यांचं होऊन रांगू लागलं आणि खेळण्यांना हात घालू लागलं, की तो पुन्हा डोकं वर काढतो. त्याविषयी पुढच्या आठवड्यात. पण अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या ब्रेंडा व्होलिंग यांनी 241 कुटुंबांचा बाळाच्या पहिल्या वर्षभर मागोवा घेतला, तेव्हा बहुतेक थोरली मुलं या बदलातून नीट पार पडलेली दिसली. तुमच्या घरी मात्र दोन-तीन महिने उलटूनही मूल गप्प-गप्प राहत असेल, जेवण-झोप सुटली असेल, येत असलेलं बोलणं थांबलं असेल किंवा ते बाळाला पुन्हा पुन्हा दुखवत असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत वाट पाहू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि बाळाला बघायला कुणाच्या घरी जाल, तेव्हा हातातला खाऊ आधी थोरल्याला द्या.