झाकणाच्या कड्यात मुरलेला वास

लोणच्याची चिनी मातीची बरणी आणि तिच्या तोंडाला बांधलेले स्वच्छ फडके ही भारतातील बहुतेक सर्व प्रांतांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जोडी आहे. फडक्यातून हवा खेळत असे, वासही थोडाथोडा बाहेर जात असे, आणि फडके कळकट झाले की ते धुऊन टाकता येत असे. हवाबंद डबा घरात आला तेव्हा या फडक्याची जागा एका लवचीक कड्याने घेतली. हे कडे झाकणाच्या खाचेत बसते आणि झाकण दाबले की डब्याच्या काठाशी घट्ट मिळते. त्यामुळे दमट हवा आत येत नाही व मुंग्यांचीही वाट बंद होते. परंतु आतला वास बाहेर जाण्याचा मार्गही त्याबरोबरच बंद होतो. अशा वेळी तो वास कोठे जातो, हा प्रश्न गृहिणीला पडतो तो डबा रिकामा करून, घासूनपुसून त्यात दुसरा पदार्थ भरल्यावर.

दिल्लीत आमच्या शेजारी राहणाऱ्या एका तमिळ कुटुंबात असाच प्रसंग घडला. काचेचा एक चौकोनी डबा, त्याला चार बाजूंनी खटके असलेले प्लॅस्टिकचे झाकण आणि झाकणाच्या खाचेत सुमारे तीन मिलिमीटर जाडीचे सिलिकोनचे कडे. या डब्यात आठ-नऊ महिने सांबार मसाला ठेवलेला होता व त्यात हिंग सढळ हाताने घातलेले होते. पुढे तोच डबा धुऊन त्यात खव्याच्या वड्या ठेवण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपुढे ठेवलेल्या त्या वड्यांना हिंगाची चव आली होती! डबा चार वेळा धुतला होता, असे घरच्या बाईंचे म्हणणे होते आणि ते खरेच होते.

त्यांचे कष्ट वाया का गेले हे समजण्यासाठी सिलिकोनकडे जरा जवळून पाहिले पाहिजे. हा पदार्थ हाताला गुळगुळीत लागतो, म्हणून काचेप्रमाणे त्याच्यात काही शिरत नसावे अशी आपली समजूत होते. वस्तुतः त्याची रचना लांबच लांब, सैल आणि सतत हलणाऱ्या साखळ्यांची असते. सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे अणू एकाआड एक गुंफून या साखळ्या तयार होतात आणि त्यांच्यामध्ये सूक्ष्म मोकळ्या जागा राहतात. पाण्याशी या साखळ्यांचे जमत नाही, तेलकट पदार्थांशी मात्र चांगले जमते. हिंग, लसूण, मोहरी यांच्या वासाचे रेणू लहान असतात, सहज उडणारे असतात आणि स्वभावाने तेलकटही असतात. डबा बंद असताना ते हवेतून कड्यावर येतात व हळूहळू त्याच्या अंतरंगात विरघळत जातात. वास कड्यावर बसलेला नसतो, तो कड्यात मुरलेला असतो. साबणाचे पाणी पृष्ठभागावरच काम करते. म्हणून धुतल्यावर कडे तासभर निर्मळ वाटते आणि सकाळपर्यंत आतला वास पुन्हा वर येतो. कोरडे केल्यावर काही तासांनी वास परत आला, तर तो मुरलेला आहे असे निश्चित समजावे. धुतल्यावर तो कायमचा गेला, तर तो केवळ वर साचलेल्या तेलाचा होता.

शेजारच्या डब्याच्या बाबतीत प्रथम दोषी कोण हे शोधणे आवश्यक होते. कडे खाचेतून काढले. त्यासाठी सुरीचे टोक वापरू नये, कारण एक बारीकशी चीर पडली तरी कडे हवाबंद राहत नाही. लाकडी चमच्याचा बोथट दांडा पुरतो. नंतर काचेचा डबा स्वच्छ थाळीने झाकून ठेवला, झाकण व कडे दोन निरनिराळ्या स्टीलच्या डब्यांत बंद केले, आणि सर्व काही अर्धा तास उन्हात ठेवले. वास घेण्यापूर्वी वस्तू कोमट करावी, कारण थंड असताना रेणू बाहेर पडत नाहीत आणि नाकाची फसगत होते. शिवाय दिवसभर हिंगाच्या सान्निध्यात वावरलेल्या नाकावर विसंबू नये. बाहेरून आलेल्या माणसाला वास घ्यायला सांगावे. येथे काचेला काहीच वास नव्हता, झाकणाला पुसट होता आणि कड्याला भरपूर होता. झाकणाची खाच कापूस गुंडाळलेल्या काडीने पुसली तेव्हा पिवळसर चिकट रेघ निघाली. कडे काढल्याशिवाय झाकण धुण्याची सवय असेल, तर ही रेघ बहुतेक घरांत सापडेल. हे जुने तेल हवेने खवट होते आणि स्वतःचा एक निराळा दर्प निर्माण करते.

तेव्हा पहिले काम तेल काढण्याचे. एक लिटर गरम पाण्यात चमचाभर भांडी घासण्याचा द्रव साबण घालून कडे वीस मिनिटे बुडवून ठेवले व मऊ ब्रशने दोन्ही बाजूंनी घासले. साबण शक्यतो बिनवासाचा असावा. लिंबाच्या किंवा गुलाबाच्या वासाचा साबण वापरला तर सिलिकोन तोही वास तितक्याच आवडीने शोषून घेते. तेलाचा थर निघाल्याशिवाय पुढचे उपाय करण्यात अर्थ नाही, कारण तो थर आतल्या वासाला कोंडून धरतो.

यानंतर सामान्यतः खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांच्याकडे धाव घेतली जाते. या दोन्हींचा उपयोग आहे, परंतु मर्यादित. मासळीच्या वासातील मुख्य पदार्थ अल्कधर्मी असतो. आम्ल लागले की त्याचा क्षार बनतो, तो उडत नाही आणि पाण्याबरोबर वाहून जातो. केरळात किंवा बंगालात मासळीला लिंबू चोळतात त्यामागे हेच रसायन आहे. म्हणून मासळीच्या डब्याचे कडे एक भाग व्हिनेगर व तीन भाग पाणी यांत अर्धा तास ठेवावे. उलट आंबलेल्या दह्याचा वा ताकाचा वास आम्लांचा असतो, तेथे लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे सोडा उपयोगी पडतो. हिंग आणि लसूण यांच्या वासातील गंधकयुक्त पदार्थ मात्र आम्लही नाहीत आणि अल्कही नाहीत. त्यांच्यावर सोडा व व्हिनेगर दोन्ही जवळजवळ निष्प्रभ ठरतात. शिवाय सोड्याचे कण विद्युत्‌भारित असल्यामुळे ते सिलिकोनच्या आत शिरूच शकत नाहीत. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून उठणारा फेस पाहून पुष्कळांना समाधान वाटते. पण तो फेस म्हणजे दोघांनी एकमेकांचा केलेला नाश होय, उरते ते जवळजवळ साधे खारे पाणी.

मुरलेल्या वासावर खरा इलाज आहे उष्णता आणि मोकळी हवा. उष्णतेने रेणूंची हालचाल वाढते व ते पृष्ठभागाकडे लवकर येतात; हवा त्यांना वाहून नेते आणि मागच्यांना वाट देते. शेजारच्या घरी कडे उघड्या पातेल्यात दहा मिनिटे उकळले, ते पाणी टाकून दिले, नवे पाणी घेतले आणि असे तीनदा केले. पाणी बदलणे महत्त्वाचे आहे. तेलकट रेणू पाण्यात फारच थोडे विरघळतात, त्यामुळे त्याच पाण्यात तासभर उकळून विशेष लाभ होत नाही. झाकण ठेवून उकळले तर वाफेबरोबर निघालेला वास पुन्हा खाली पडतो. नंतर कडे दोन दिवस खिडकीच्या गजाला उन्हात टांगले. उन्हामुळे हळदीचा पिवळा डागही फिकट झाला.

ज्यांच्याकडे भट्टी आहे त्यांनी केवळ सुटे सिलिकोनचे कडे १२० अंश सेल्सिअसला एक ते दोन तास ठेवावे. खाद्यपदार्थांसाठी बनविलेले सिलिकोन साधारणपणे २०० अंशांपर्यंतची उष्णता सहन करते. खिडकी उघडी ठेवावी, कारण निघालेला वास स्वयंपाकघरातच येणार. प्लॅस्टिकची चौकट असलेले झाकण मात्र भट्टीत कधीही घालू नये.

कड्याच्या जाडीचा प्रश्न पुष्कळदा ध्यानात येत नाही. रेणूंना आतून बाहेर येण्यास लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट होतो. पातळ कडे एका दिवसात सुधारते, पण भांड्यावर ताणून बसवायचे सिलिकोनचे जाड झाकण त्याच उपायाने आठवडा घेते आणि आपण उपायाला दोष देतो.

रबरी कड्यांचा स्वभाव निराळा आहे. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना गंधक घालून रबर तापविण्याची रीत सापडली, आणि अशा रबरालाच मुळात स्वतःचा एक वास असतो; तो अन्नाचा समजून घालविण्याचा खटाटोप करू नये. रबरही वास शोषते, पण ऊन आणि फार उष्णता त्याला सोसत नाही. त्याला पाच मिनिटे उकळणे पुरे, वाळवणे सावलीत. कडे दुमडून पाहावे: वळणावर बारीक भेगा दिसल्या, ते चिकट झाले असेल किंवा ताठ झाले असेल, तर ते बदलण्याची वेळ आली आहे. ब्लीचिंगच्या द्रावणाने दोन्ही प्रकारची कडी खराब होऊ शकतात आणि त्याचाही वास मागे राहतो. रॉकेल किंवा पेट्रोल तर वापरूच नये, कारण त्याने कडे फुगते व ते खाण्याच्या भांड्याला योग्य राहत नाही. कड्याच्या आतपर्यंत गेलेले बुरशीचे काळे ठिपके घासून जात नसतील, तर ते कडे टाकून द्यावे.

दिल्लीतील त्या डब्याची परीक्षा पाचव्या दिवशी घेतली. लोण्याचा लहानसा गोळा वाटीत घालून रात्रभर त्यात बंद करून ठेवला. स्निग्ध पदार्थ वास चटकन पकडतो, म्हणून त्याच्याइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही. सकाळी लोण्याला हिंगाची पुसट छटा होती. तेव्हा कडे इडलीपात्रात अर्धा तास वाफवले व आणखी आठवडाभर मोकळे टांगून ठेवले. दुसऱ्या परीक्षेत छटा फारच कमी झाली, तरी ती अजून होती. या वेळी शंका प्लॅस्टिकच्या झाकणावर आली, कारण त्यानेही थोडा वास घेतला होता आणि खटके वाकण्याच्या भीतीने त्याला कोमट पाण्यापलीकडे काही देता येत नव्हते. अखेर त्या डब्यात साखर ठेवली गेली, तिला वास लागला नाही. खव्यासाठी बाईंनी स्टीलचा डबा घेतला. रिकामा असताना काचेचा डबा आता झाकण न लावता ठेवला जातो आणि कडे त्याच्या शेजारी खिळ्याला अडकवलेले असते.