थ्रीडी प्रिंटमधलं लांब छत मध्येच लोंबतंय? फॅन, स्पीड आणि फ्लो असे सेट करा

मोबाइल स्टँड थ्रीडी प्रिंट करताय आणि त्याच्या खाली चार्जर ठेवायला छोटा ड्रॉवरही हवाय, असं समजा. ड्रॉवरची जागा ६० मिमी रुंद. तिच्या वरचं छत छापताना खाली काहीच आधार नसतो, नोझल एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत हवेतच प्लास्टिकचा धागा ओढतं. यालाच ब्रिजिंग म्हणतात. छत २ मिमी खाली आलं आणि ड्रॉवरसाठी मोकळी जागा १ मिमीच ठेवली असेल, तर ड्रॉवर आत जाणारच नाही.

धागा नक्की का लोंबतो?

थोडं गणित करू. दोन भिंतींत ६० मिमी अंतर आहे आणि मधला झोल २ मिमी आहे. म्हणजे धागा किती जास्त लांब झाला? जेमतेम ०.१८ मिमी! साधारण ०.३ टक्के. इतकासा सैलपणा डोळ्याला दिसेल एवढा झोल पाडतो. आणि तेवढाच टक्का सैलपणा १०० मिमीच्या ब्रिजवर ३ मिमीपेक्षा जास्त झोल देतो.

म्हणून दोनच गोष्टी साधायच्या आहेत: धागा ताणलेला राहिला पाहिजे आणि झोल पडायच्या आत तो घट्ट झाला पाहिजे. पीएलए साधारण २१० अंशांवर नोझलमधून बाहेर येतं आणि ६० अंशांच्या आसपास आलं की कडक होतं. तेवढा वेळ त्याला हवेत तग धरायचाय.

आधी फॅन

मी नेहमी फॅनपासून सुरुवात करतो, कारण हवा कमी पडली तर बाकीच्या सेटिंगचा फारसा उपयोग होत नाही. पीएलएसाठी ब्रिजवर फॅन सरळ १०० टक्के ठेवा. प्रुसास्लायसरमध्ये हे `Bridges fan speed` या नावाने दिसतं. सुरुवातीचे दोन-चार धागे लोंबलेले आणि पुढचे सरळ असतील, तर फॅनला वेग घ्यायला उशीर होतोय असं समजा. अशा वेळी ब्रिजच्या एक-दोन लेअर आधीपासूनच फॅन वाढवा.

एबीएसला मात्र इतकी हवा सोसत नाही, प्रिंट वाकते किंवा लेअर सुटतात. तिथे फॅन जपून वाढवा.

मग स्पीड

सेकंदाला ६० मिमी वेगाने आपला ब्रिज एका सेकंदात पार होतो, २० मिमी वेगाने तीन सेकंद लागतात. हळू गेलं की नोझलच्या मागचा धागा थंड व्हायला वेळ मिळतो. पण फार हळू गेलं तर गरम नोझल तिथेच रेंगाळतं आणि धागा पुन्हा मऊ पडतो. फॅन चांगला असेल तर ३० पासून सुरू करा, मग २० आणि ४० करून बघा.

एक गोष्ट लक्षात घ्या. फक्त स्पीड बदलून धागा ताणला जात नाही, कारण नोझल हळू गेलं की प्रिंटर प्लास्टिकही त्याच प्रमाणात हळू सोडतो. ताण येतो तो पुढच्या सेटिंगमुळे.

शेवटी फ्लो

`Bridge flow ratio` ची किंमत १ असेल, तर हिशेबाइतकं पूर्ण प्लास्टिक बाहेर येतं. ०.९ केली की नोझल तेवढंच अंतर जातं पण प्लास्टिक १० टक्के कमी मिळतं, म्हणून धागा बारीक होतो आणि ताणला जातो. एका वेळी ०.०५ नेच कमी करा. धाग्यांमध्ये फटी दिसू लागल्या किंवा धागे तुटायला लागले, की एक पायरी मागे या.

टेस्ट कशी घ्यायची?

पूर्ण स्टँड छापू नका. १० मिमी उंचीचे दोन खांब, मध्ये ६० मिमी अंतर आणि वर १० मिमी रुंद, १ मिमी जाड पट्टी एवढंच मॉडेल पुरे. आधी प्रिव्ह्यूमध्ये ती पट्टी `Bridge infill` च्या रंगात दिसते का ते बघा. स्लायसरने तिला ब्रिज म्हणून ओळखलंच नसेल, तर या सेटिंग लागूच होणार नाहीत. मग फॅन, स्पीड, फ्लो या क्रमाने प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला आणि पट्टीच्या मध्यभागचा झोल मोजा. मध्यभाग ठीक असून धागे भिंतीजवळच सुटत असतील, तर स्पीड कमी करा. तिथे त्यांना चिकटायला वेळ मिळत नाहीये.

एवढं करूनही झोल १ मिमीच्या आत येत नसेल, तर डिझाइन बदला. दोन्ही भिंतींच्या वरच्या टोकाला ४५ अंशांचा उतार द्या. प्रत्येक बाजूने १० मिमी आत आलात की हवेतलं अंतर ६० वरून ४० होतं. ड्रॉवरचे वरचे कोपरेही तसेच तिरके कापा, म्हणजे तो अडकणार नाही.