दोन गुणांचा फरक, आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा

एप्रिल २०२१मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने लंडनच्या इंपीरियल कॉलेजची एक छोटी चाचणी छापली. मध्यम ते तीव्र नैराश्याचे ५९ रुग्ण होते. त्यांतल्या ३० जणांना काही विशिष्ट अळंब्यांमध्ये सापडणाऱ्या सायलोसायबिन या द्रव्याचे २५ मिलिग्रॅमचे दोन डोस तीन आठवड्यांच्या अंतराने दिले. उरलेल्या २९ जणांना सहा आठवडे रोज एस्सिटालोप्राम दिलं. हे औषध आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या चिठ्ठीवरही नेहमी दिसतं. समुपदेशनाचा आधार दोन्ही गटांना होता.

नैराश्य मोजलं ते क्विड्स नावाच्या प्रश्नावलीने. तिचे गुण शून्य ते २७, आणि गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. सहा आठवड्यांनी सायलोसायबिन गटाचे गुण सरासरी ८ने उतरले, एस्सिटालोप्राम गटाचे ६ने. फरक दोन गुणांचा. त्याच्याभोवतीचा ९५ टक्क्यांचा पल्ला मात्र सायलोसायबिन ५ गुणांनी सरस इथपासून ०.९ गुणांनी कमी इथपर्यंत पसरलेला. पी-मूल्य ०.१७, म्हणजे ‘लक्षणीय फरक आढळला नाही’.

हे वाक्य नियमाप्रमाणे बरोबर आहे. पंचाईत अशी, की ते वाचणारा डॉक्टर ‘दोन्ही औषधं सारखीच’ असा अर्थ घेऊन उठतो, आणि तसं या आकड्यांत कुठेच म्हटलेलं नाही. पाच गुणांनी सरस असण्यालाही त्या पल्ल्यात जागा आहे. डॉक्टरला विचारायचं असतं ते साधं: हे औषध जास्त चांगलं असण्याची शक्यता किती, आणि उपयोग जाणवेल इतकं चांगलं असण्याची किती? या प्रश्नाला थेट उत्तर देणारी रीत थॉमस बेझ या इंग्लिश धर्मोपदेशकाच्या, त्याच्या मृत्यूनंतर १७६३मध्ये छापल्या गेलेल्या निबंधातून निघाली. चाचणीपूर्वीचा अंदाज घ्यायचा, चाचणीचा पुरावा त्यात मिसळायचा आणि सुधारलेला अंदाज काढायचा. संदीप नायक आणि सहकाऱ्यांनी २०२३मध्ये याच चाचणीचं बेझियन पुनर्विश्लेषण प्रसिद्ध केलं. इथला हिशेब मात्र माझा, छापील आकड्यांवरून कागदावर करता येईल इतपत ढोबळ आहे.

खरा वाद होतो तो आधीच्या अंदाजावर. अनेकांना वाटतं की काहीच गृहीत न धरणं सर्वांत प्रामाणिक, सगळे फरक सारखेच संभाव्य माना. पण या प्रश्नावलीवर त्याचा अर्थ काय होतो ते पाहा. दोन औषधांत एका गुणाचा फरक असणं जितकं शक्य, तितकाच वीस गुणांचा फरकही शक्य! मुळात रुग्णांचे सरासरी गुणच पंधराच्या आसपास होते. एका औषधाने दुसऱ्यापेक्षा वीस गुण जास्त उतरवायचे तर दुसऱ्या औषधाने रुग्णांना बरंच बिघडवायला हवं. हजारो रुग्णांच्या चाचणीत असल्या भाबडेपणाने फारसं बिघडत नाही, कारण पुरावाच त्याला गप्प बसवतो. ५९ जणांच्या चाचणीत तो गप्प बसत नाही.

म्हणून अंदाज आधीच्या माहितीवर बेतायचा. २०१८मध्ये आंद्रेया चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये २१ नैराश्यरोधक औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या. औषधाचा गोळीवजा प्लासिबोपेक्षा होणारा सरासरी फायदा माफकच निघाला. क्विड्सच्या भाषेत साधारण दीड-दोन गुण. मग चांगल्या, चालत्या औषधापेक्षा नवं औषध तीन गुणांहून जास्त सरस असेल, असं आधीच मानायला आधार थोडा. यावरून संशयी अंदाज असा मांडता येतो: फरक बहुधा शून्याच्या आसपास, आणि ९५ टक्के खात्री की तो दोन्ही बाजूंना तीन गुणांच्या आत. डेव्हिड स्पीगलहॉल्टर आणि सहकाऱ्यांनी १९९४मध्ये सुचवलं होतं की अशा संशयी अंदाजाच्या जोडीला एक उत्साही अंदाजही ठेवावा. सायलोसायबिनच्या आधीच्या, तुलनेचा गट नसलेल्या छोट्या अभ्यासांत रुग्ण बरेच सुधारले होते. त्यांवर भरवसा ठेवणारा माणूस तीन गुणांच्या फायद्याभोवती, जरा सैल हाताने, आपला अंदाज ठेवील.

आता मिसळण. संशयी अंदाजाची अनिश्चितता आणि चाचणीची अनिश्चितता योगायोगाने सारखीच, दीड गुणाची, येते. दोघांचं वजन सारखं, म्हणून उत्तर बरोबर मध्यावर पडतं: एक गुणाचा फायदा. सायलोसायबिन थोडंतरी सरस असण्याची शक्यता ८३ टक्के. उत्साही अंदाजाने तीच ९८ टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे दिशेबद्दल दोघांचं फारसं भांडण नाही.

पण दिशा पुरेशी नसते. दवाखान्यात जाणवेल असा किमान फरक आपण दोन गुणांचा धरू. (ही रेघ निकाल पाहण्याआधी ओढलेली हवी, नंतर ओढली तर ती सोयीच्या जागी सरकते.) निदान तेवढा फायदा असण्याची शक्यता संशयी माणसाला १७ टक्के दिसते, उत्साही माणसाला ६२ टक्के. इथे अंदाज बदलला की उत्तर उलटतं. याचा अर्थ चाचणीने या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही, आणि अहवालात तसंच लिहायला हवं. दोनपैकी आपल्या आवडीचा आकडा छापून दुसरा पुरवणीत लपवणारे लेख मी वाचले आहेत. तिथे बेझची रीत पी-मूल्याइतकीच दिशाभूल करते.

आणखी एक अडचण कुठल्याच अंदाजाने सुटत नाही. एस्सिटालोप्राम गटालाही सायलोसायबिनचे दोन डोस दिले होते, पण एकेक मिलिग्रॅमचे, म्हणजे नावापुरते. २५ मिलिग्रॅम घेतलेल्या माणसाला काही तास जे दिसतं आणि भासतं, त्यानंतर आपण कुठल्या गटात आहोत हे त्याला ओळखता येणं सहज शक्य आहे. प्रश्नावली तो स्वतःच भरतो. आशेने भरलेले गुण आणि औषधाने उतरलेले गुण यांत वेगळे दिसत नाहीत.

हे हिशेबात घेता येतं, फक्त हिंमत करून आकडा लिहावा लागतो. समजा या आशेने सायलोसायबिनला एक गुण फुकट मिळाला असेल, आणि त्या एका गुणाबद्दलही आपल्याला एका गुणाइतकी शंका आहे. चाचणीतला फरक दोनावरून एकावर येतो आणि अनिश्चितता वाढते. संशयी अंदाजाबरोबर मिसळल्यावर सरस असण्याची शक्यता ८३वरून ६४ टक्क्यांवर उतरते, आणि दोन गुणांच्या फायद्याची १७वरून ८वर. एवढीशी कबुली निकालाला एवढी हलवते, हे मला या सगळ्यात सर्वांत कामाचं वाटतं.

मग डॉक्टरसाठी लिहायचं काय? ‘८३ टक्के’ एवढंच लिहिलं, तर शंभरातले ८३ रुग्ण बरे होतात असं वाचलं जाण्याचा धोका मोठा. ही शक्यता गटांच्या सरासरीतल्या फरकाबद्दल आहे. समोर बसलेल्या रुग्णाबद्दल ती काही सांगत नाही. ‘बहुधा’, ‘कदाचित’ असे शब्दही सैल सोडून चालत नाहीत. कुठल्या टक्क्यांना कुठला शब्द, हे आधी ठरवून शब्दाशेजारी आकडा ठेवायचा. मी परिच्छेद असा लिहीन:

‘सहा आठवड्यांनी सायलोसायबिन गटाची सरासरी सुधारणा एस्सिटालोप्राम गटापेक्षा बहुधा थोडी जास्त होती (शक्यता ८३ ते ९८ टक्के, आधी काय मानलं यावर अवलंबून). हा फरक रुग्णाला जाणवेल इतका, म्हणजे निदान दोन गुणांचा, आहे का, हे या चाचणीवरून ठरत नाही (१७ ते ६२ टक्के). रुग्णांना आपला गट ओळखता आला असेल, तर दोन्ही शक्यता कमी धराव्यात. आमच्या एका हिशेबात संशयी अंदाजाच्या ८३ आणि १७ टक्क्यांच्या जागी ६४ आणि ८ टक्के आले. सहा आठवड्यांनंतर काय होतं, हे या आकड्यांत नाही.’